बोनसच्या वादात विथड्रॉवल अडकलंय, सपोर्टला कम्प्लेंट कशी लिहायची

प्रश्न: दादा, मी गुहागरचा, यूकेत केअर होममध्ये कामाला. तिकडच्या एका लायसन्सवाल्या ऑनलाइन कसिनोत १०० पौंड भरले, त्यावर १०० पौंड बोनस घेतला. स्लॉटवर जिंकलो. शिमग्याला गावी आल्यावर ७१४ पौंड काढायला टाकले तर म्हणतात बोनस असताना मॅक्स बेट मोडलीस, विनिंग रद्द, आणि फक्त माझे १०० परत केले. मला वाटलं ५ पौंडापर्यंत चालतं. बोनसच्या पैशांना तर मी हातपण लावला नाही. चॅटवर तेच तेच उत्तर येतंय. बेट हिस्टरी पाठवतोय, कडक पत्र कसं लिहू ते सांगा.

उत्तर:

कडक पत्राने काही होत नाही रे. कडक पत्रं तिकडे रोज ढिगाने येतात आणि वाचणाऱ्याला त्याचं काहीच वाटत नाही. मी बरीच वर्षं अशाच एका कंपनीच्या पेमेंट आणि कम्प्लेंट डेस्कवर होतो, आता चिपळूणला घरी असतो, तर टेबलाच्या त्या बाजूने काय दिसतं ते सांगतो आणि मग पत्र लिहू.

पैसे काढायला टाकले की सिस्टीम एक तपासणी चालवते. त्यात साधा प्रश्न असतो, खात्यावर बोनस चालू असताना ठरलेल्या मर्यादेच्या वर बेट लागलीय का. हो आलं की लाल खूण, आणि डेस्कवरचा माणूस बहुतेक वेळा ती खूण बघून तयार उत्तर चिकटवतो. मोठी विन आधी लागली की मोठ्या बेटा आधी लागल्या, त्या बेटेला पैसे कुठल्या वॉलेटमधून गेले, तुझ्या कॅशच्या की बोनसच्या, हे तो उघडून बघत नाही कारण त्याला दुसऱ्या स्क्रीनवर जाऊन ओळ न् ओळ वाचावी लागते आणि मागे रांग उभी असते. तुझ्या पत्राचं काम एवढंच, की त्याला ती दुसरी स्क्रीन उघडायलाच लागली पाहिजे, किंवा त्याने नाही उघडली तर पुढे जो त्रयस्थ माणूस हे प्रकरण बघेल त्याला कळलं पाहिजे की कंपनीने ती उघडलीच नाही.

आता तुझी हिस्टरी. तू १०० भरलेस, १०० बोनस आला, वेजरिंग बोनसच्या दहा पट, म्हणजे १,००० पौंडांच्या बेटा लावल्यावर बोनस मोकळा होणार. (ही दहा पटीची कमाल मर्यादा ब्रिटनच्या गॅम्बलिंग कमिशनने १९ जानेवारी २०२६ पासून लावलीय, आधी तीस-चाळीस पट सर्रास असायची.) तू एक-एक पौंडाने खेळत होतास, तुझे स्वतःचे १०० उतरत उतरत ३८ वर आले. मग २१ फेब्रुवारीला रात्री ९:१४ ला २ पौंडांचा एक स्पिन, त्यावर ७२० ची विन. ३८ मधून २ गेले, ७२० आले, कॅश झाली ७५६. बोनसचा आकडा तेव्हाही १०० आणि रात्री संपवलंस तेव्हाही १००. त्यानंतर तू ३ पौंडांचे १८ स्पिन मारलेस, म्हणजे ५४ पौंड लावले, परत आले १२, आणि कॅश उरली ७१४. मर्यादा होती २ पौंड, तर नियम मोडला म्हणतात तो या १८ स्पिनमध्ये.

म्हणजे बघ, विन लागली तेव्हा तू मर्यादेच्या आत होतास. जे स्पिन मर्यादेबाहेर होते त्यात तुला फायदा काही झाला नाही, उलट ४२ पौंड गेले. आणि कंपनी त्या १८ स्पिनच्या नावाखाली आधीची विन खातेय. तुझ्या पत्राचा कणा हा. बाकी केअर होमची रात्रपाळी, गावी पालखीला वर्गणी द्यायचीय, मित्राला यांनीच लगेच पैसे दिले होते, हे सगळं खरं असलं तरी पत्रात नको. तू आधी लिहिलेला मसुदा मी वाचला, त्यात कामाची ओळ पाचव्या परिच्छेदात होती आणि तिथपर्यंत कोणी जात नाही.

तुला ५ पौंडापर्यंत चालतं असं का वाटलं तेही कळतं. ब्रिटनमध्ये ९ एप्रिल २०२५ पासून ऑनलाइन स्लॉटला एका स्पिनला कमाल ५ पौंड अशी कायद्याचीच मर्यादा आहे, १८ ते २४ वयाच्यांना मग मे महिन्यापासून २ पौंड. गेममध्ये तुला ५ च्या वर बटण जाणारच नाही. पण बोनसची मर्यादा ही कंपनीची स्वतःची अट, ती त्याहून कमी असू शकते. इथे एक मुद्दा तुझ्या बाजूने आहे: गेमने ३ पौंडांची बेट बिनबोभाट घेतली, कुठली पट्टी नाही, इशारा नाही. ५ च्या वर बटण अडवता येतं तर २ च्या वर का नाही, हा प्रश्न रास्त आहे. पण मला माहीत नव्हतं हा मुख्य मुद्दा करू नकोस, तो दुसऱ्या नंबरला ठेव. माहीत नव्हतं म्हटलं की चर्चा तुझ्यावर येते आणि ती आपल्याला विनच्या वेळेवर ठेवायचीय.

पत्र लिहायच्या आधी दोन कामं, आजच कर.

पहिलं काम, वेळ. तू गुहागरला बसून फोनवर हिस्टरी उघडलीस, त्यामुळे ॲपने सगळ्या वेळा भारताच्या करून दाखवल्या, आणि तू मला पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर ती विन २२ फेब्रुवारी, पहाटे २:४४ अशी दिसते. त्यांच्या लॉगमध्ये ती २१ फेब्रुवारी, २१:१४ आहे, साडेपाच तासांचा फरक. तू पत्रात २२ लिहिलंस की समोरचा २२ तारीख टाकून शोधणार आणि अशी बेट नाही म्हणणार, शिवाय २२ च्या पहाटे तू कुठे होतास हा नवा फाटा फुटेल. म्हणून सगळ्या वेळा ब्रिटनच्या लिही आणि तसं पत्रात नमूद कर. त्याहून पक्कं म्हणजे बेट आयडी, प्रत्येक स्पिनवर टॅप केलं की खाली मोठा नंबर येतो तो. ७२० च्या स्पिनचा, आणि ३ पौंडांच्या पहिल्या आणि शेवटच्या स्पिनचा, असे तीन नंबर पुरेत. अख्खी हिस्टरी पीडीएफ करून जोड, खातं बंद केलं तर मग काही दिसणार नाही.

दुसरं काम, अटींचं वाक्य. इथे शब्द न् शब्द बघायचा. काही कंपन्या लिहितात ‘बोनसच्या पैशांनी खेळताना’ कमाल बेट अमुक. काही लिहितात ‘खात्यावर बोनस चालू असताना’ कमाल बेट अमुक. ऐकायला सारखंच, पण पहिलं वाक्य असेल तर तुझी केस जवळजवळ सरळ आहे, कारण तुझे ते १८ स्पिन स्वतःच्या कॅशमधून गेले, बोनसचं वॉलेट हललंच नाही. दुसरं वाक्य असेल तर त्यांना बोलायला जागा आहे आणि आपल्याला न्याय्यतेच्या मुद्द्यावर जायला लागेल. तू पाठवलेल्या मेलमध्ये त्यांनी दुसरं वाक्य वापरलंय, पण तू बोनस घेतलास त्या दिवशीच्या प्रमोशनच्या पानावर पहिलं होतं, तुझ्या स्क्रीनशॉटमध्येच दिसतंय बघ, ‘बोनस घ्या’ च्या बटणाखाली बारीक अक्षरात. हा स्क्रीनशॉट सोन्यासारखा जप. ज्याच्याकडे नसेल त्याने web.archive.org वर त्या पानाची जुनी प्रत मिळते का बघावं, कधी मिळते कधी नाही.

दोन ठिकाणी दोन वाक्यं असली तर काय, तर ब्रिटनचा २०१५ चा कन्झ्युमर राइट्स ॲक्ट आहे, त्याचं कलम ६९ म्हणतं की अटीचे दोन अर्थ निघत असतील तर ग्राहकाच्या फायद्याचा तो धरायचा. कलम ६२ म्हणतं अन्यायकारक अट ग्राहकावर बंधनकारक नाही. आणि २०१८ मध्ये तिथल्या स्पर्धा आणि बाजार प्राधिकरणाने, सीएमए म्हणतात त्याला, ऑनलाइन गॅम्बलिंगच्या काही मोठ्या कंपन्यांकडून लेखी हमी घेतली, त्यात होतं की खेळाडूला स्वतःचे पैसे कधीही काढता आले पाहिजेत, खेळावरची बंधनं स्पष्ट सांगितली पाहिजेत आणि मोघम अटींच्या आधारावर पैसे जप्त करता येणार नाहीत. त्यानंतर तिकडे बऱ्याच ठिकाणी आधी तुझी कॅश, ती संपली की मग बोनस, अशी रचना आली. तुझ्या खात्यात तीच आहे.

आता पत्र. पाठवायचं इंग्रजीतच, पण आधी मराठीत नीट जुळव म्हणजे इंग्रजीच्या भीतीने फापटपसारा होत नाही. चॅटवर नको, ईमेलवर, त्यांच्या अटींमध्ये कम्प्लेंटसाठी वेगळा पत्ता दिलेला असतो तिथे. साधारण असं:

विषय: फॉर्मल कम्प्लेंट – विथड्रॉवल रोखल्याबद्दल, खाते क्रमांक अमुक, वादातली रक्कम ६१४ पौंड

माझ्या खात्यातून २५ फेब्रुवारी २०२६ रोजी ७१४ पौंडांचं विथड्रॉवल मी मागितलं. २ मार्चला तुम्ही १०० पौंड दिलेत आणि ६१४ पौंड रद्द केलेत. कारण दिलंत, बोनस चालू असताना २ पौंडांहून मोठी बेट. हा निर्णय मला मान्य नाही. ही माझी अधिकृत कम्प्लेंट समजावी. खालच्या सर्व वेळा ब्रिटनच्या आहेत.

२१ फेब्रुवारीला मी १०० पौंड भरले आणि १०० पौंडांचा बोनस घेतला. तुमच्या रचनेत आधी कॅश वापरली जाते. २१:१४ ला बेट आयडी अमुक, बेट २ पौंड, विन ७२० पौंड. ही बेट कॅशमधून गेली आणि तुमच्या मर्यादेत होती. त्याआधीची एकही बेट २ पौंडांच्या वर नाही.

३ पौंडांच्या १८ बेटा त्यानंतरच्या आहेत, पहिली आयडी अमुक, शेवटची अमुक. त्याही कॅशमधून गेल्या, बोनसची शिल्लक शेवटपर्यंत १०० पौंडच होती. बोनस घेताना तुमच्या पानावर असलेली अट ‘बोनसच्या पैशांनी खेळताना’ अशी आहे, स्क्रीनशॉट जोडला आहे. त्या अटीनुसार या बेटा मर्यादेत येतच नाहीत.

त्या येतात असं धरलं तरी, ७२० ची विन त्यांच्या आधीची आहे आणि त्या १८ बेटांमध्ये माझे ४२ पौंड कमी झाले. नंतरच्या बेटांवरून आधीची विन रद्द करणारी अट कोणती, ते सांगावं.

पुढील चार गोष्टी लेखी कळवाव्यात: ज्या अटीवर निर्णय घेतला तिचा क्रमांक आणि २१ फेब्रुवारीला लागू असलेला पूर्ण मजकूर, मर्यादा मोडली म्हणता त्या प्रत्येक बेटेचा आयडी, प्रत्येक बेटेला कॅश आणि बोनस यातून किती रक्कम गेली, आणि ७२० ची विन कुठल्या वॉलेटमध्ये जमा झाली.

मी सर्व बेटा यूकेतल्या माझ्या नोंदणीच्या पत्त्यावरून खेळलो. २४ फेब्रुवारीला मी भारतात आलो आणि विथड्रॉवलची विनंती फक्त इथून केली. इथून एकही बेट लावलेली नाही. प्रवासाचं तिकीट मागितल्यास देईन.

६१४ पौंड त्याच डेबिट कार्डवर द्यावेत. तुमचं म्हणणं वेगळं असल्यास अंतिम उत्तर लेखी द्यावं आणि तुमच्या एडीआर संस्थेचं नाव कळवावं.

बस, एवढंच. खाली नाव, नोंदणीचा ईमेल.

विषयात कम्प्लेंट हा शब्द का ते सांगतो. तुझी चॅट त्यांच्याकडे ‘चौकशी’ म्हणून नोंदली जाते, आणि चौकशीचं घड्याळ कोणी लावत नाही. कम्प्लेंट म्हटली की तिला नंबर पडतो, आणि ब्रिटनच्या नियमाप्रमाणे कंपनीला ती निकालात काढायला जास्तीत जास्त आठ आठवडे मिळतात. आठ आठवडे झाले किंवा त्याआधी त्यांनी अंतिम नकार कळवला की तू एडीआरकडे जाऊ शकतोस, म्हणजे त्रयस्थ लवाद, खेळाडूला फुकट. बऱ्याच कंपन्यांची आयबास नावाची संस्था असते, तुझ्या कंपनीची कुठली ते त्यांच्या अटींमध्ये असतं. लायसन्स खरं आहे का आणि कुठल्या नावावर आहे ते gamblingcommission.gov.uk च्या रजिस्टरवर बघ, ॲपचं नाव वेगळं आणि लायसन्सधारक कंपनी वेगळी असते, पत्र त्या कंपनीच्या नावे जाऊ दे. पण गॅम्बलिंग कमिशन तुझे पैसे मिळवून देत नाही. ते एकेका खेळाडूचा वाद सोडवत नाहीत, म्हणून कमिशनकडे जाईन ही धमकी पत्रात घातलीस तरी डेस्कवर कोणी खुर्चीतून हलत नाही. एडीआरचं नाव विचारलंस की मात्र हलतात, कारण तिथे गेल्यावर त्यांना ती ओळ न् ओळ स्क्रीन काढून द्यायला लागते.

गावाहून विनंती केल्याचं आपणहून सांग असं मी का म्हणतो, कारण ते त्यांना आधीच दिसतंय. खातं यूकेचं, लॉगिन गुहागरचं, हीही एक लाल खूणच आहे, फक्त अजून त्यांनी काढलेली नाही. मॅक्स बेटवर हरायला लागले की दुसरं कारण पुढे येतं, भारतातून खेळलास, अटी मोडल्यास. ते येण्याआधीच सत्य एका परिच्छेदात टाकून ठेवायचं. आणि म्हणूनच इकडून आता एकही स्पिन मारू नकोस, व्हीपीएन तर अजिबात लावू नकोस, बिल भरायला म्हणून लावला असेल तरी ॲप उघडताना बंद कर. व्हीपीएनची खूण पडली की तुझ्या बाकीच्या खऱ्या मुद्द्यांवरही संशय येतो.

नंतरच्या बेटांमधून परत आलेले १२ पौंड आहेत ना, ते कापा आणि ६०२ द्या असं तू स्वतः पहिल्या पत्रात लिहू नकोस. मला माहितीय तुला ते लिहावंसं वाटतंय, सरळ माणसाला वाटतंच. पण पहिल्या पत्रात दिलेली सूट ही पुढच्या बोलणीची सुरुवात होते. ते एडीआरसाठी राखून ठेव, तिथे त्रयस्थ माणसाला तडजोडीचा आकडा लागला तर तो हिशोबातूनच निघतो.

आता काय काय उत्तर येईल. सगळ्यात जास्त येतं ते ‘आम्ही पुन्हा तपासलं, निर्णय कायम’. त्याला उत्तर एका ओळीचं: माझ्या चार प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर यात नाही, हा तुमचा अंतिम निर्णय आहे का. यापुढे वाद वाढवायचा नाही. अंतिम म्हणाले तर लगेच एडीआर, नाही म्हणाले तर आठ आठवडे मोजायचे.

दुसरं येतं ते कागदपत्रं मागणं, पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा, पगाराच्या स्लिपा. इथे दोन गोष्टी वेगळ्या कर. नाव, पत्ता, जन्मतारीख याची पडताळणी तिकडे खेळायला देण्याआधीच करायची असते, २०१९ पासून तसा नियम आहे, आणि जे कागद आधीच मागता आले असते ते पैसे काढताना अडवायला म्हणून मागायचे नाहीत असंही त्यात आहे. पण मनी लाँडरिंगच्या कायद्याखाली पैसा कुठून आला हे विचारायचा त्यांना हक्क आहे आणि तो कधीही आहे. म्हणून भांडत बसू नकोस, कागद दे, सोबत लिही की पडताळणी आणि बोनसचा वाद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि कम्प्लेंटची तारीख तीच राहते. भांडलास तर आठ आठवडे नुसते कागदावरच जातात.

तिसरं, आणि हे जरा सांभाळून, ‘गुडविल म्हणून १५० पौंड देतो’. कधी ते थेट कॅश असतात, कधी पुन्हा बोनस. मेलच्या तळाला असतं की हे स्वीकारल्यास वाद पूर्ण आणि अंतिम मिटला असं धरलं जाईल. ॲपमध्ये नुसतं ‘स्वीकारा’ दाबलं तरी पुरतं. तुझा मुद्दा कच्चा असता तर घे म्हणालो असतो, पण इथे विन आधीची आहे, कॅशमधली आहे, स्क्रीनशॉट आहे, मी तरी नाही घेणार.

पत्राबरोबरच एक वेगळा ईमेल त्यांच्या डेटा प्रोटेक्शनच्या पत्त्यावर टाक, प्रायव्हसी पॉलिसीत असतो. माझ्याबद्दलची सगळी माहिती द्या अशी मागणी, यूके जीडीपीआरचं कलम १५, फुकट आहे आणि साधारण एका महिन्यात द्यावी लागते. त्यात नेमकं लिही: बेटवार लॉग, वॉलेटच्या नोंदी, बोनस घेतल्याची वेळ आणि तेव्हाच्या अटींची आवृत्ती, आणि माझ्या खात्यावर तुमच्या स्टाफने लिहिलेल्या नोंदी. शेवटचं विसरू नको. आम्ही खात्यावर बारीक टिपणं टाकायचो, ‘मोठी विन, मॅक्स बेट बघा’ असं, आणि असं टिपण जर विन लागल्यावर काही मिनिटांत पडलेलं असेल तर कारण आधी ठरलं की नंतर शोधलं हे वाचणाऱ्याला आपोआप दिसतं. कम्प्लेंटमध्येच ही मागणी घुसडू नकोस, सपोर्टवाला ती वाचून सोडून देतो, आणि दोन टेबलांमध्ये पत्र फिरत राहतं.

कोर्टाचं विचारशील म्हणून सांगतो. इंग्लंडमध्ये ॲंड्र्यू ग्रीन नावाच्या माणसाने बेटफ्रेडवर केस केली होती, २०१८ मध्ये ब्लॅकजॅकच्या खेळात १७ लाख पौंड लागले आणि कंपनीने सॉफ्टवेअर बिघडलं म्हणून नाकारले, २०२१ मध्ये हायकोर्टाने त्याच्या बाजूने निकाल दिला, अटी इतक्या गुंतागुंतीच्या आणि नजरेआड होत्या की त्यांचा आधार घेता येणार नाही असं म्हटलं. हे लोक छातीठोकपणे सांगतात. पण २०२४ मध्ये अपील कोर्टात, तिकडची नॅशनल लॉटरी आधी चालवणाऱ्या कॅमलॉट कंपनीविरुद्धच्या केसमध्ये खेळाडू बाई हरल्या, स्क्रीनवर दहा लाखांचे आकडे जुळलेले दिसले होते तरी अटी लागू धरल्या आणि १० पौंडच खरी विन ठरली. म्हणजे अट नीट दाखवली असेल तर कोर्ट ती पाळायला लावतं. तुझं बळ तुझ्या अटीच्या शब्दांत आहे, ग्रीनच्या केसमध्ये नाही. ६१४ पौंडासाठी एडीआरच बरं, त्यानंतर हवं तर स्मॉल क्लेम्स, म्हणजे छोट्या रकमेच्या दाव्यांचं कोर्ट आहे, तिथे फी भरावी लागते.

बँकेला सांगून भरलेल्या १०० चा चार्जबॅक घे असं तुला कोणीतरी सुचवलंय, ते करू नकोस. पैसे तूच भरलेस, सेवा मिळाली, आणि ते १०० तुला परतही आलेत. त्यावर चार्जबॅक टाकलास तर खातं फ्रॉडच्या खाली बंद होईल आणि एडीआरसमोर ते पहिलं पान म्हणून ठेवतील.

तू मागच्या मेसेजमध्ये गावातल्या मित्राचं लिहिलंस, टेलिग्रामवरच्या लिंकने कुठल्यातरी परदेशी साइटवर खेळला आणि ८०,००० रुपये अडकलेत, त्यालाही हेच पत्र चालेल का. नाही चालणार. हे पत्र चालतं कारण मागे लायसन्स आहे, आठ आठवड्यांचा नियम आहे, एडीआर आहे. त्याच्या साइटमागे यातलं काहीच नाही. भारतात ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवायलाच बंदी घातलीय, रमी असो की स्लॉट, शिक्षा चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही, त्यामुळे तक्रार करायला त्याने घाबरू नये. आणि त्याला आधी हे विचार, की पैसे सोडायला टॅक्स म्हणून आधी काही हजार भर असं त्यांनी सांगितलंय का. सांगितलं असेल तर ते विथड्रॉवल अडकलेलं नाही, ती फसवणूक आहे. टीडीएस हा देणारा रकमेतून कापून घेतो, तुमच्याकडून आधी मागत नाही. आणखी एक रुपया न भरता १९३० ला फोन आणि cybercrime.gov.in वर तक्रार, यूपीआयचे व्यवहार क्रमांक हाताशी ठेवून, जितक्या लवकर तितकं बरं. आणि तुमचे पैसे काढून देतो म्हणून मागे लागणारे जे एजंट आहेत ना, ते बहुतेक त्याच टोळीतले.

तुझ्याकडे परत. पत्र परवा पाठव, उद्या बेट आयडी तपासून घे, एक आकडा चुकला तर सगळं पत्र चुकलं म्हणतील. पाठवल्याची तारीख लिहून ठेव आणि त्यापुढचे आठ आठवडे मोज. नोंदणीच्या ईमेलवरूनच पाठव, दुसऱ्यावरून गेलं तर ओळख पटत नाही म्हणून परत येतं. यूकेचं सिम रोमिंगवर चालू राहू दे, कोड त्याच्यावर येतात. आणि ते डेबिट कार्ड मे महिन्यात संपतंय ना, नवीन कार्ड तुझ्या तिकडच्या खोलीवर पोस्टाने जाईल, रूममेटला सांगून ठेव, पण बँकेचं खातं बंद करू नकोस, पैसे जुन्या कार्डवर सोडले तरी खातं चालू असेल तर सहसा त्यातच जमा होतात.